गिझरची कांडी: २५ लिटरच्या काच-कोटिंग टाकीचा १८ महिन्यांचा अनुभव

आमचं घर कोल्हापुरात, आर. के. नगरात. वरच्या टाकीत दोन पाणी येतात, महापालिकेचं आणि बोअरचं. आरओवाल्या पोरानं त्याच्या पेनासारख्या मीटरनं मोजून दाखवलं तेव्हा नळाचं पाणी पावणेदोनशे टीडीएस निघालं आणि बोअरचं सातशेच्या वर. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे काही लिहिलंय त्याचा अर्धा हिशेब या दोन आकड्यांत आहे. हाच गिझर दुसऱ्या कुणाकडं माझ्यापेक्षा दुप्पट चांगला किंवा निम्मा वाईट चालू शकतो.

गिझर २५ लिटरचा, उभा, २००० वॉटचा. आतली टाकी लोखंडी, तिला काचेचं कोटिंग. कॉईल इन्कोलॉयची आणि सोबत मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉड. नोव्हेंबरमध्ये बसवला, मध्ये एक पावसाळा आणि दोन हिवाळे गेले. या काळात मी तो दोनदा उघडला. पाणी किती गरम येतं यावर लिहायला फार काही नाही. थंडीत साधारण अर्ध्या तासात ६० अंशांवर जातो आणि तीन अंघोळी निघतात. २ किलोवॉटचा कुठलाही धड गिझर एवढं करतोच. लिहायचंय ते आतल्या गोष्टींबद्दल, कारण आधीचा गिझर आतूनच मेला.

तो जुनासुद्धा काच-कोटिंगचाच होता. चार वर्षं झाली आणि एका सकाळी खालच्या झाकणातून लालसर पाणी ठिबकायला लागलं. मेकॅनिक आला, बॅटरी मारून वर बघितलं आणि म्हणाला, "टाकी गेली साहेब, नवीनच घ्या आता." टाकीची वॉरंटी पाच वर्षांची होती. कंपनीकडं फोन केला, तर अ‍ॅनोड वेळेवर बदलल्याची पावती मागितली. कार्डावर बारीक अक्षरात ती अट खरंच होती. त्या दिवसापर्यंत आत असं काही बदलायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, रोज मॅग्नेशियम टाकून एस. जी. आयर्न ओतलेलं बघतो, आणि घरात डोक्यावर टांगलेल्या मॅग्नेशियमचा पत्ता नाही! भंगारात द्यायच्या आधी मी ती टाकी शॉपवर नेली आणि ग्राइंडरनं उभी कापली.

आतलं कोटिंग बघून आधी वाटलं, हिला काय झालंय? गर्द निळी, गुळगुळीत, जुन्या एनॅमलच्या ताटलीसारखी. पण खालच्या तोंडाशी, जिथं वेल्डिंगची कड येते, तिथं तीन गंजाचे फोड होते आणि त्यातला एक आरपार. कांडीच्या जागी बोल्ट आणि त्याला लटकलेली एक वाकडी तार. मॅग्नेशियम सगळं संपलेलं. ती तार म्हणजे कांडीच्या गाभ्यातली लोखंडी सळई.

आता हे का होतं ते. काच-कोटिंग म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी फवारून साधारण ८५० अंशांच्या भट्टीत भाजलेला थर. थर चांगला असतो, पण शंभर टक्के अखंड कधीच नसतो. वेल्डवर, कडांवर, तोंडाच्या वळणावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. रोज टाकी तापते, निवते, त्यानंही बारीक चिरा जातात. एवढ्याशा उघड्या लोखंडावर गरम पाणी गंज धरवतं, आणि सगळा गंज त्या एकाच ठिपक्यात खोल उतरत जातो. तिथं कांडीचं काम सुरू होतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा फार लवकर विरघळायला तयार असतं. दोन्ही धातू एकमेकांना जोडलेले आणि एकाच पाण्यात बुडालेले असले की मॅग्नेशियम झिजतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन टाकीच्या पत्र्यातून त्या छिद्रापर्यंत जातात आणि तिथल्या लोखंडाला विरघळू देत नाहीत. म्हणजे कांडी झिजते हा बिघाड नाही, ती त्यासाठीच आत टाकलेली असते. आपल्या पत्र्याच्या बादलीवरचं जस्त हेच करतं. ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं.

युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीनं इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडायला लावले होते. तांबं वाचलं, पण मग तळावर शंख-शिंपल्यांची पुटं चढायला लागली, कारण त्यांना मारणारं तांबं पाण्यात उतरेनासं झालं होतं. एक दुखणं थांबवलं की दुसरं डोकं वर काढतं, हे मला पुढं गिझरमध्येही दिसलं.

नवीन घेताना लक्ष्मीपुरीत दोन-तीन दुकानं फिरलो. आजीच्या घरात तांब्याचा बंब होता, चिंच लावून घासलेला, चाळीस वर्षं टिकलेला. तसलं तांबं आता घरगुती गिझरच्या टाकीत मला कुठं दिसलं नाही. दुकानात मुख्यतः दोनच पर्याय होते, स्टेनलेस स्टील आणि काच-कोटिंग. प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा थर दिलेल्या टाक्याही आहेत, त्या मी बघून सोडल्या. स्टेनलेसला कोटिंग लागत नाही, तिचा स्वतःचा अदृश्य थर असतो. पण पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर गरम पाण्यात, आणि तेही वेल्डच्या फटीत, तो थर तुटतो आणि सुईएवढं भोक पडतं. बोअरच्या खारट पाण्याला म्हणूनच मी स्टेनलेसपासून लांब राहिलो. नुसतं नदीचं पाणी असतं तर कदाचित तीच घेतली असती. काच-कोटिंगचा फायदा असा की तिचा कच्चा दुवा कोणता हे आपल्याला माहीत असतं आणि तो साडेतीनशे रुपयांत बदलता येतो. दुकानदाराला विचारलं, "कांडी सुट्टी मिळते का?" तो म्हणाला, "मिळत्या की, पण आजवर कोण मागायला आला न्हाई." मी गिझरसोबतच एक कांडी आणि एक गॅस्केट घेऊन ठेवलं.

कॉईलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कांडीचं आयुष्य तिच्यावरही ठरतं. आत नायक्रोमची तार, भोवती दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर आणि बाहेरून धातूची नळी, ही रचना सगळ्यांची सारखीच. फरक नळीत. तांब्याची नळी स्वस्त, पण क्षाराखाली तापली की लवकर जाते. इन्कोलॉय हा निकेल-क्रोमवाला मिश्रधातू, तो जास्त तापमान सोसतो. काही मॉडेलमध्ये नळीवरच काचेचा थर असतो. काहींमध्ये कॉईल पाण्याला लागतच नाही, ती एका कोटिंग केलेल्या कोरड्या नळीत बसते आणि टाकी रिकामी न करता बदलता येते.

दुकानात कुणी सांगत नाही ते असं: उघडी तांब्याची किंवा इन्कोलॉयची नळी टाकीला विजेनं जोडलेली असली की तीसुद्धा त्या कांडीला खाते. छिद्र सुईएवढं आणि नळी हातभर लांब, मग मॅग्नेशियम जास्त कुणासाठी झिजणार? म्हणून चांगल्या बनावटीत कॉईल फ्लँजपासून, म्हणजे ती ज्या चकतीवर बसते तिच्यापासून, विजेच्या दृष्टीनं वेगळी ठेवतात किंवा मध्ये एक रेझिस्टन्स घालतात. काचेचा थर दिलेली कॉईल याच कारणानं कांडीला सोपी जाते. माझ्या गिझरमध्ये नळी उघडी आहे आणि थेट फ्लँजवर बसवलेली आहे. ही त्याच्यातली माझी सगळ्यात मोठी तक्रार.

पहिल्यांदा उघडला तो जूनमध्ये, सात महिन्यांनी. कारण आवाज. तापताना आतून लाह्या फुटल्यासारखं तडतडायचं. आई म्हणाली, "अरे, ह्यात काय मक्याच्या लाह्या टाकल्यास काय?" तो आवाज क्षाराचा. पाण्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि चुन्याचा थर होऊन सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉईलवर बसतं. त्या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते. यानं वीज फार जास्त जाते असा समज आहे, पण ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते, दुसरीकडं जायला वाट नाही. नुकसान होतं ते कॉईलचं. थराआड ती हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि एक दिवस नळीला चीर जाते.

उघडायची पद्धत सांगतो. मेन एमसीबी बंद. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गरम नळ सोडून पाणी निवू द्या. मग आत येणाऱ्या पाण्याची तोटी बंद करून तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह काढला की टाकी खालून रिकामी होते. गरम नळ उघडा ठेवा, वरून हवा आत गेली नाही तर पाणी उतरत नाही. २५ लिटर उतरायला पंधरा मिनिटं लागली. खालचं झाकण काढून वायरींचा फोटो घेतला, थर्मोस्टॅट ओढून काढला, फ्लँजचे नट सोडले. कॉईल आणि कांडी दोन्ही त्या फ्लँजवर उभ्या असतात, त्या एकत्रच खाली येतात. सोबत अर्धी वाटी पांढरा चुराही तोंडावर येतो. चष्मा लावा, मी लावला नव्हता.

कॉईल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, सगळा थर सुटला. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते नळीला आणि फ्लँजलाही खातं. टाकीच्या आत पत्री, स्क्रूड्रायव्हर काही घालू नका. कोटिंगला टवका गेला की कांडीला आणखी एक तोंड पोसावं लागतं. बसवायच्या आधी मल्टीमीटर लावला. २००० वॉटच्या कॉईलचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम यायला हवा, तेवढा आला. टोक आणि नळी यांच्यामध्ये मात्र काहीच दिसता कामा नये. तिथं रीडिंग आलं तर कॉईल फुटलीय, परत लावू नका.

आता कांडी. सोबत घेतलेली नवी कांडी शॉपच्या काट्यावर १२८ ग्रॅम भरली होती. ही सात महिन्यांची आधी ११० भरली आणि मी खूश झालो. मग लक्षात आलं, वर पांढरी पपडी आहे. तीही लिंबूसत्त्वात जेमतेम पाच मिनिटं बुडवून, ब्रशनं घासून, वाळवून परत ठेवली तर ८४. म्हणजे ४४ ग्रॅम गेले, महिन्याला सव्वासहा. बोल्ट आणि आतली सळई मिळून १४ ग्रॅम धरले, तर नवीन कांडीत मॅग्नेशियम ११४ ग्रॅम. दोन-तृतीयांश गेलं की बदलायची असते, कारण त्यानंतर ती तुकड्यातुकड्यानं झिजते आणि संरक्षण बेभरवशी होतं. या वेगानं ती वेळ बरोबर एका वर्षात आली असती. टाकीची वॉरंटी सात वर्षांची आणि कांडीचं आयुष्य एक वर्ष!

४४ ग्रॅम म्हणजे करंट किती, तेही काढलं. हिशेबानं १ अँपिअर-तासाला साधारण अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम लागतं, पण जवळपास तेवढंच मॅग्नेशियम परस्पर पाण्याशी लागून वाया जातं, म्हणून १ ग्रॅम धरायचा. सात महिन्यांचे सुमारे पाच हजार तास. उत्तर आलं ९ मिलिअँपिअरच्या आसपास. एवढ्याशा करंटवर टाकीचं मरण-जगणं चाललेलं असतं.

मग मी दोन गोष्टी बदलल्या. प्लंबरला सांगून गिझरला वेगळी लाइन ओढली, महापालिकेच्या पाण्याच्या छोट्या टाकीवरून. बोअर आता फक्त फ्लशला आणि झाडांना. आणि थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणला, कारण जास्त गरम पाण्यात क्षारही जास्त बसतो आणि झीजही वाढते. कांडी तीच, ८४ ग्रॅमची, परत लावली. गॅस्केट मात्र नवं. नट समोरासमोरचे आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. आणि एक गोष्ट जन्मात विसरू नये, गरम नळातून भरभरून पाणी येईपर्यंत वीज चालू करायची नाही. कोरडी कॉईल मिनिटभरात जाते.

दुसऱ्यांदा उघडला यंदाच्या मे महिन्यात, अकरा महिन्यांनी. आवाज जवळजवळ नव्हताच. चुरा चमचाभर. कांडी घासून, वाळवून ६३ ग्रॅम. अकरा महिन्यांत २१ ग्रॅम, म्हणजे महिन्याला दोनच्या आत. याचं श्रेय पाण्याला किती आणि तापमानाला किती, हे मी दोन्ही एकदम बदलल्यामुळं वेगळं काढता येत नाही. शिवाय कांडी बारीक झाली की तिचा पृष्ठभागही कमी होतो, तेवढी झीज आपोआपच घटते. तरी तिपटीचा फरक नुसत्या बारीकपणानं येत नाही. अजून सहा महिने चालली असती, पण उघडलंच होतं म्हणून नवी लावली. टाकीत आरसा आणि बॅटरी घालून बघितलं. वेल्डच्या कडेला एकच तपकिरी ठिपका आहे, फोड नाही.

हे सगळं शेजारच्या तात्यांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "आमची बघ की, तीन वर्षं झाली, गेल्या वर्षी मेकॅनिकनं काढून बघून परत लावली, नव्यासारखी हाय म्हणाला." मला तिथंच शंका आली. तात्यांकडं पूर्ण बोअर, आणि कांडी नवी? रविवारी उघडलं. खरंच जाड, सुबक, जेमतेम पांढुरकी. आणि टाकीच्या तोंडाशी गंजाची रांग. कांडीच्या बोल्टच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे जाड वेढे मारलेले होते, गळू नये म्हणून. मल्टीमीटर कांडी आणि टाकीच्या पाइपाला लावला तर काटा हललाच नाही. दोन धातूंमधला जोडच तुटलेला, मग कांडी नुसती लटकून होती. टेप काढली, आटे घासले, बोल्ट आवळला, रीडिंग शून्याजवळ आलं. पण गंजाची ती रांग काही परत जाणार नाही. तात्या मेकॅनिकला काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. तेव्हा कांडी झिजलेली दिसली तर खुशाल श्वास घ्या, तीन वर्षांत झिजलीच नसेल तर मीटर काढा. वर्षानुवर्षांच्या जाड क्षारानं कांडी पूर्ण झाकली गेली, तरीही ती अशीच बसून राहते.

डेव्हीच्या शंख-शिंपल्यांसारखं माझं दुसरं दुखणं निघालं वासाचं. दिवाळीत बारा दिवस गावी होतो, गिझर बंद. आल्यावर नळ सोडला तर आधी फुसफुसून हवा आली आणि मग सडक्या अंड्यांचा वास. ही 'हवा' म्हणजे मॅग्नेशियम पाण्याशी लागून सुटलेला हायड्रोजन. खिडकी उघडून पाणी सोडून द्यायचं, तेव्हा जवळ काडी ओढायची नाही. वास येतो तो पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा. साचलेलं कोमट पाणी आणि कांडीमुळं मिळणारा हायड्रोजन, दोन्ही त्यांना मानवतं. एकदा पाणी ७० वर तापवून तासाभरानं सगळं सोडून दिलं, वास गेला. ज्यांचा कायम जात नाही त्यांच्यासाठी ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी मिळते. वास आला म्हणून कांडीच काढून टाकणारे मेकॅनिक आहेत. माझ्याकडं आलेल्याचाही पहिला सल्ला तोच होता.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. खालच्या झाकणाचे स्क्रू वर्षात गंजले, ते मी उद्यमनगरातून स्टेनलेसचे आणून लावले. तापमानाचं बटण ढिलं आहे, ६० वर लावलेलं साफसफाईत कधी ७० वर जातं कळत नाही. तयार-पाणी दाखवणारा दिवा तर पाचव्या महिन्यातच गेला आणि तो बदलायचा कंटाळा अजून गेलेला नाही. पुढची कांडी आणि गॅस्केट माळ्यावर पिशवीत आहे, पिशवीवर तारीख आणि वजन लिहिलंय: १२६ ग्रॅम.